कांद्याचं बी आणि चार महिन्यांचा पावसाळा

नाशिक, पुणे किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, की मागच्या वर्षीचं शिल्लक उळं यंदा टाकाल का? तो बहुधा मान हलवून नाही म्हणेल. त्याच घरात तीन वर्षांपूर्वीच्या टोमॅटोच्या बिया डबीत सापडल्या, तर त्या मात्र तो बिनधास्त पेरील. दोन्ही बिया एकाच फळीवर, एकाच घरात राहिलेल्या असतात. तरी एक बी वर्षा-दीड वर्षात मरायला लागतं आणि दुसरं चार-पाच वर्षं तग धरतं. भेंडी आणि मिरची या दोघांच्या मधे कुठेतरी येतात.

नववीच्या वर्गाने बियाणं साठवण्याचा प्रकल्प घ्यायचा असेल, तर माझं मत कांद्याच्या बाजूने आहे. टोमॅटोच्या बियांवर साठवणुकीचा परिणाम दिसेपर्यंत मुलं बारावी पास होतील. कांद्याचं बी इतकं थांबायला लावत नाही. त्याची काढणी एप्रिल-मेमध्ये होते, शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, आणि रब्बीच्या कांद्याचं रोप टाकायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. मधल्या चार महिन्यांत पावसाळा जातो, आणि त्याच काळात बियांचं काय ते ठरतं.

कोरडं बी निजलेलं दिसत असलं तरी ते जिवंत असतं. त्याच्या पेशींभोवतीच्या पातळ पडद्यांमध्ये तेलकट पदार्थ असतात. हवेतल्या प्राणवायूने ते हळूहळू बिघडतात, म्हणजे खवट होतात, आणि पडद्यांना भेगा पडू लागतात. असं बी भिजवलं, की आतली साखर आणि क्षार पाण्यात झिरपतात. म्हणूनच जुनं बी भिजवलेलं पाणी लवकर गढूळ होतं आणि त्यावर बुरशीही चटकन धरते. बिघाड थोडा असेल, तर भिजल्यावर बी स्वतःची डागडुजी करून घेतं. मात्र त्यात वेळ जातो आणि कोंब उशिरा येतो. बिघाड जास्त झाला, तर कोंब येतच नाही. कांद्याच्या बीत तेल बरंच असतं, पण केवळ त्यामुळे ते अल्पायुषी आहे असं म्हणता येत नाही. टोमॅटोचं बीही तेलकटच असतं. बी किती टिकणार हा बराचसा त्या वनस्पतीच्या जातीचा गुण असतो. तो आपल्याला बदलता येत नाही. त्या आयुष्याची उधळपट्टी होऊ न देणं तेवढं आपल्या हातात असतं.

ही उधळपट्टी दोन गोष्टींनी होते, ओलाव्याने आणि उष्णतेने. बी हवेतली वाफ शोषतं आणि सोडतं. हवा दमट असली की त्यातलं पाणी वाढतं, कोरडी असली की कमी होतं. अमेरिकेतले बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी यासाठी दोन ठोकताळे सांगितले, आणि ते आजही शिकवले जातात. बियांमधला ओलावा एका टक्क्याने कमी केला, की त्यांचं साठवणीतलं आयुष्य दुप्पट होतं. साठवणीचं तापमान सुमारे पाच अंश सेल्सिअसने उतरवलं, तरीही ते दुप्पट होतं. ओलाव्याचा नियम साधारण पाच ते चौदा टक्क्यांच्या दरम्यानच लागू पडतो, आणि दोन्ही नियम अंदाजापुरतेच आहेत. पण त्यातला गुणाकार नीट पाहण्यासारखा आहे. पावसाळ्यात उघड्या पुडीतल्या बियांचा ओलावा तेरा टक्क्यांवर गेला आणि दुसऱ्या पुडीतल्या बिया आठ टक्क्यांवर राखल्या, तर फरक पाच टक्क्यांचा आहे. आयुष्य मात्र पाच वेळा दुप्पट होतं, म्हणजे बत्तीस पट. एकाच झाडाच्या, एकाच दिवशी काढलेल्या बिया ऑक्टोबरमध्ये एकाच वयाच्या कशा राहत नाहीत, याचं उत्तर या गुणाकारात आहे. पाकिटावरची तारीख बियांचं वय महिन्यांत सांगते. ते महिने कुठल्या हवेत गेले, हे ती सांगत नाही.

हॅरिंग्टन यांचाच तिसरा ठोकताळा मुलांना फार आवडेल. साठवणीच्या जागेचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात हवेच्या आर्द्रतेची टक्केवारी मिळवा. बेरीज शंभरच्या आत असेल, तर जागा चांगली. मुंबईत जुलैत तापमान २८ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ८२ फॅरनहाइट, आणि आर्द्रता ८५ टक्के असते असं धरू. बेरीज होते १६७. पुण्यात ऑगस्टमध्ये २४ अंश, म्हणजे ७५ फॅरनहाइट, आणि आर्द्रता ८० टक्के धरली, तर १५५. फ्रिजमध्ये पाच अंशांवर, म्हणजे ४१ फॅरनहाइटवर, ठेवलेल्या बंद बाटलीच्या आत ३० टक्के आर्द्रता असेल, तर बेरीज फक्त ७१. महाराष्ट्रात पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेलं बी या परीक्षेत कुठेच पास होत नाही.

मग आपल्या आज्या-पणज्यांनी बी कसं राखलं? दोडक्याची वाळलेली फळं बियांसकट चुलीच्या वर टांगलेली असत, मक्याची कणसं आढ्याला बांधलेली असत, वालाचं आणि चवळीचं बी राखेत घोळून मडक्यात भरलेलं असे. चुलीच्या धगीने वरची हवा कोरडी राहायची, धुराने कीड दूर राहायची. कोरडी राख थोडा ओलावा ओढायची आणि भुंगेऱ्यांना दाण्यांमधून फिरूही द्यायची नाही. हे सगळं खरोखर उपयोगी होतं. पण या पद्धतींना बी एका हंगामातून पुढच्या हंगामात पोचवायचं एवढंच काम होतं, कारण ते दरवर्षी नव्याने पेरून नव्याने राखलं जाई. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीजबँक उभी केली. त्यासाठी २०२० सालच्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा बँकेचा आधारही दरवर्षी होणारी पेरणी हाच असतो. चूल गेली, गॅस आला, आणि पुडी स्वयंपाकघराच्या कपाटात सरकली. तिथे वाफच वाफ असते, हे मात्र आपण विसरलो.

आता वर्गातला प्रयोग. कांद्याचं बी मुलांनी स्वतः धरायचं म्हटलं, तर दोन हंगाम लागतात. आधी कांदा पिकवायचा, मग तो पुन्हा लावून त्याला डोंगळे येऊ द्यायचे. त्यामुळे वर्गातल्या एखाद्या शेतकरी पालकाकडून याच उन्हाळ्यातलं घरचं बी पन्नास ग्रॅम मागून घ्यावं. एका ग्रॅममध्ये साधारण अडीचशे ते तीनशे दाणे बसतात, तेव्हा एवढं बी भरपूर झालं. दुकानातलं पाकीट घेऊ नये, कारण त्यावर बहुधा बुरशीनाशकाचा रंगीत लेप असतो. तो विषारी असतो आणि प्रयोगातही गडबड करतो. शिवाय सगळं बी एकाच ढिगातलं हवं. एकाकडून तीन वर्षांपूर्वीचं आणि दुसऱ्याकडून यंदाचं आणून ताडून पाहण्याचा मोह होतो. पण तसं केलं, तर फरक वयाचा, वाणाचा की घरातल्या फळीचा, हे कधीच कळणार नाही. जुनं बी मिळालं, तर ते जरूर तपासावं, पण त्याची वही वेगळी ठेवावी.

बी आल्याबरोबर त्याची उगवण एकदा तपासायची. ही सुरुवातीची नोंद नसेल, तर पुढचे सगळे आकडे लटकते राहतात. मग ढीग नीट मिसळून त्याचे चार भाग करायचे. पहिला कागदी पुडीत वर्गातल्या फळीवर. दुसरा कोरडा करून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत. तिसरा तसाच कोरडा करून बाटलीत, पण ती बाटली फ्रिजमध्ये. चौथ्या भागाला मुद्दाम वाईट वागवायचं. डब्याच्या तळाशी मिठाचा जाड थर घालून तो थोड्या पाण्याने ओलसर करायचा, इतकाच की बरंचसं मीठ न विरघळता राहील. वर वाटी पालथी ठेवून तिच्यावर मलमलच्या कापडात बांधलेलं बी ठेवायचं आणि डबा बंद करायचा. ओल्या मिठावरची बंद हवा नेहमी ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता धरून ठेवते, बाहेर पाऊस असो वा ऊन. मोजून-मापून तयार केलेला हा पावसाळा झाला, आणि त्याला खर्च फक्त मिठाचा.

यातली सगळ्यात नाजूक पायरी बी कोरडं करण्याची आहे, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच बिघडतात. हवाबंद बाटलीची कीर्ती इतकी आहे, की लोक ओलसर बीसुद्धा तिच्यात कोंबतात. त्या बियांची वाफ आत अडकते, आणि ते उघड्या पुडीतल्या बियांपेक्षाही लवकर कुजतं. बाटली ओलावा घालवत नाही, जो असेल तो राखते. तेव्हा आधी कोरडं करायचं, मग बंद. जूनच्या ढगाळ हवेत उन्हाचा भरवसा नसतो, आणि मे महिन्यात भर दुपारी पत्र्यावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर घातलेलं बी भाजून मरू शकतं. चाळीस अंशांच्या वरची ऊब बियांना नको. तांदळाचा मार्ग सोपा आहे. बियांच्या दुपटीने तांदूळ घेऊन कढईत मंद आचेवर चांगले कोरडे करायचे, झाकून पूर्ण गार होऊ द्यायचे, आणि बाटलीत ओतून वर बियांची कापडी पुरचुंडी ठेवून आठवडाभर झाकण घट्ट लावायचं. तांदूळ बियांतलं पाणी ओढून घेतात. हवं तर तांदूळ पुन्हा कोरडे करून तोच प्रकार आणखी एकदा करावा. कढईतले तांदूळ गरम असतानाच बी ठेवलं, तर मात्र प्रयोग तिथेच संपला.

बी पुरेसं कोरडं झालं हे कसं ओळखायचं? बाजारात मिळणारा छोटा आर्द्रतामापक बियांबरोबर बाटलीत बंद करून दुसऱ्या दिवशी वाचायचा. आकडा चाळीसच्या खाली आला, तर ठीक, तीसच्या आसपास आला, तर उत्तम. मापक नसेल, तर कोरडं मीठ आणि थोडं बी काचेच्या बरणीत हलवून पाहावं. मीठ काचेला चिकटलं, तर बी चांगलंच ओलं आहे. चिकटलं नाही, म्हणून मात्र बी साठवणीजोगं कोरडं आहे असं नव्हे. ही परीक्षा फक्त फार ओलं बी पकडते. फ्रिजमधल्या बाटलीला आणखी एक पथ्य आहे. बाहेर काढल्यावर ती वर्गाच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. नाहीतर पावसाळी हवेतलं दव थेट गार बियांवर बसतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाटल्या उघडायच्या आणि उगवण मोजायची. शेतकरी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून गुंडाळी करतात. सोयाबीनसाठी ती पद्धत छान आहे, पण कांद्याची केसासारखी मुळं तागाच्या विणीत अडकतात. त्याला जाड टिपकागद बरा. कागद भिजवून निथळू द्यावा. बोटाने दाबल्यावर पाणी साचलं, तर तो जास्त ओला आहे, आणि पाण्याखाली बी गुदमरतं. गुंडाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर्गातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, माठाशेजारी ठेवावी. कांद्याला उगवायला वीस अंशांच्या आसपासची हवा मानवते, ऑक्टोबरच्या उकाड्यात तो कुरकुरतो. बियाणं तपासणीच्या नियमांत कांद्याची पहिली मोजणी सहाव्या दिवशी आणि शेवटची बाराव्या दिवशी असते. मुलांनी मात्र रोज मोजावं. का, ते पुढे येईल.

मोजायचं काय, हेही आधी ठरवायला हवं. मुळाचं पांढरं टोक दिसलं, की मुलं आनंदाने खूण करतात, पण प्रयोगशाळेत तेवढ्याने बी पास होत नाही. नीट वाढलेलं मूळ आणि हिरवं, गुडघ्यासारखं वाकलेलं पान असलेलं रोपच उगवलेलं धरतात. कांद्याचं पान तसं दुमडूनच वर येतं. मूळ खुंटलेलं, पान काचेसारखं पारदर्शक किंवा पिळवटलेलं असेल, तर ते विकृत रोप वेगळ्या रकान्यात जातं. जुन्या आणि ओलाव्यात राहिलेल्या बियांमध्ये हा रकाना भरत जातो. न उगवलेलं बी नखाने दाबावं. मऊ पडून आतून घाण पाणी आलं, तर ते मेलं आहे.

आता किती दाणे घ्यायचे? शाळेच्या बहुतेक प्रकल्पांत दहा दाणे घेऊन निष्कर्ष काढलेले असतात, आणि ते निष्कर्ष जवळजवळ निरर्थक असतात. समजा, एका बाटलीतल्या बियांची खरी उगवण ८० टक्के आहे. चाळीस मुलांनी तिच्यातले दहा-दहा दाणे घेतले. सगळ्यांचे आठ उगवतील का? अजिबात नाही. निव्वळ योगायोगाने चारेक मुलांचे दहाच्या दहा उगवतील, आणि एखाद्या मुलाचे पाचच. पाचवाला म्हणेल बाटली वाईट, दहावाला म्हणेल अप्रतिम, आणि बाटली तर एकच. पण या चाळीस मुलांचे दाणे एकत्र मोजले, तर ते चारशे होतात, आणि चारशे दाण्यांत उत्तर साधारण ७६ ते ८४ च्या दरम्यान येतं. बियाणं तपासणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही शंभराचे चार गट, म्हणजे चारशेच दाणे घेतात. चाळीस मुलांचा वर्ग ही आयती प्रयोगशाळा आहे. प्रत्येकाने चारही भागांतले दहा-दहा दाणे लावायचे. पुड्यांवर फक्त क, ख, ग, घ अशी अक्षरं लिहायची आणि कोणतं अक्षर कुठल्या साठवणीचं, हे शिक्षकांनी शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवायचं. फ्रिजमधलं बी चांगलं असणार हे माहीत असलेलं मूल वाकड्या रोपालाही हात ढिला सोडतं.

रोज मोजण्याचं कारण असं, की टक्केवारी खूप उशिरा बोलते. बी साठवणीत एका चालीने मरत नाही. बराच काळ उगवण जवळपास तशीच राहते, मग अचानक कोसळते. पण ती कोसळायच्या आधी वेग मंदावलेला असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर दाण्यांच्या दोन गटांत शेवटी ऐंशी-ऐंशी उगवले. पहिल्यात चौथ्या दिवशी ३०, पाचव्या दिवशी ४०, सहाव्या दिवशी १०. दुसऱ्यात सहाव्या दिवशी २०, सातव्या दिवशी ३०, आठव्या दिवशी २० आणि नवव्या दिवशी १०. प्रत्येक दिवसाचा आकडा त्या दिवशी उगवलेल्या दाण्यांनी गुणून बेरीज करा आणि ऐंशीने भागा. पहिल्याची सरासरी पावणेपाच दिवस येते, दुसऱ्याची सव्वासात. टक्केवारीत दोघं सारखे, पण दुसरा गट कड्याच्या टोकावर उभा आहे. वाफ्यात टाकल्यावर तो मागे पडेल, एखादा जोराचा पाऊस किंवा मर रोग त्याला झोपवील, आणि आणखी दोन महिने ठेवला, तर त्याची टक्केवारीही उतरेल. सप्टेंबरमध्ये चारही पुड्यांचे शेवटचे आकडे फारसे वेगळे आले नाहीत, तरी प्रयोग फसला असं समजू नये. आधी ही सरासरी काढून पाहावी. मिठावरच्या आणि फळीवरच्या बियांची सुस्ती बहुधा तिथे पकडली जाईल.

बी किती टिकू शकतं याची दुसरी टोकं ऐकायला मुलांना मजा येते. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ मध्ये रानटी झाडांच्या बिया वाळूत मिसळून वीस बाटल्यांत पुरल्या. २०२१ साली त्यांतली एक बाटली उकरली, तेव्हा एका रानटी फुलझाडाच्या वीस बिया उगवल्या. याच्या उलट टोकाला आंबा, फणस, जांभूळ आणि कोकम. त्यांच्या बिया वाळवल्या, तर मरतात. तेव्हा कोरडं करून फ्रिजमध्ये ठेवण्याचा मंत्र त्यांना लावू नये.

आकडे हातात आल्यावर त्यांचा उपयोग काय? आपल्याकडे प्रमाणित कांदा बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. भेंडीला ६५ चालते, टोमॅटोलाही कांद्याइतकीच लागते. पाकिटावर छापलेला ७० हा आकडा त्या पाकिटाची मोजलेली उगवण नसते, ती किमान हमी असते. आणि तिची मुदत तपासणीच्या तारखेपासून साधारण नऊ महिने असते. घरच्या बियांची उगवण ८० आली, तर नेहमीच्या प्रमाणात टाकावं. ६० आली, तर ८० ला ६० ने भागून येणाऱ्या पटीने, म्हणजे तीन किलोच्या जागी चार किलो टाकावं. पण ४० आली, तर दुप्पट टाकण्याचा हिशोब फसवा आहे. जी उगवतील ती रोपंही दमलेली असतील. असं बी टाकू नये, दुसरं आणावं.

बाराव्या दिवशीचा निकाल हाती यायला ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उजाडतो. ज्या पालकाने बी दिलं, त्याचं रब्बीचं रोप तेव्हा टाकायचं असतं. तेव्हा तक्ता प्रदर्शनात टांगण्याआधी त्याची एक प्रत त्याच्याकडे पाठवा.